क्रमाची किंमत : बायनरी हीप आणि शोधवृक्ष

बायनरी हीप आणि बायनरी सर्च ट्री, म्हणजेच शोधवृक्ष, या संगणकात माहिती मांडून ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. कागदावर काढल्या तर दोन्ही सारख्याच दिसतात. वर एक मूळ असते, प्रत्येक नोडला जास्तीत जास्त दोन अपत्ये असतात आणि खाली फांद्या पसरत जातात. फरक असतो तो नोडमधील आकड्यांना लावलेल्या नियमात. तो नियमच ठरवतो की रचना कोणत्या प्रश्नाला चटकन उत्तर देईल आणि कोणत्या प्रश्नासाठी तिला सगळा साठा उपसावा लागेल.

हा फरक समजून घेण्यासाठी कामांच्या वेळापत्रकाचे उदाहरण सोयीचे आहे. जवळपास प्रत्येक सर्व्हर प्रोग्रॅम अशी यादी बाळगतो. अमुक वेळी जोडणी तोडायची, तमुक वेळी पुन्हा विचारणा करायची, अशा नोंदी तिच्यात असतात. समजा, सकाळी नऊनंतर करायची दहा कामे नोंदवायची आहेत आणि प्रत्येक काम नऊनंतर किती मिनिटांनी करायचे तो आकडा पुढील क्रमाने हाती आला : ३५, १२, ५०, ८, २७, ४१, १९, ६०, ५, ३०. हेच दहा आकडे आधी हीपमध्ये आणि मग शोधवृक्षात ठेवून पाहता येतात.

हीपचा नियम

हीपचा नियम एकच आहे : पालकाचा आकडा अपत्यांच्या आकड्यापेक्षा मोठा नसावा. भावंडांमध्ये कोण मोठे, कोण लहान, याबद्दल नियम काहीच म्हणत नाही. त्यामुळे सर्वांत लहान आकडा नेहमी मुळाशी सापडतो, पण त्याखालची मांडणी बरीच सैल राहते. (सर्वांत मोठा आकडा वर ठेवणारा हीपही असतो. त्यासाठी नियम फक्त उलटा करायचा.)

आकाराची अटही आहे. प्रत्येक पातळी पूर्ण भरल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही आणि शेवटची पातळी डावीकडून भरायची. या अटीमुळे झाडाच्या फांद्या वेगळ्या लिहून ठेवाव्याच लागत नाहीत. आकडे एका ओळीतल्या घरांमध्ये, म्हणजे ॲरेमध्ये, ओळीने ठेवले की पुरते. घरांना १ पासून क्रमांक दिले, तर कोणत्याही घराची अपत्ये त्याच्या क्रमांकाच्या दुपटीच्या घरात आणि त्याच्या पुढच्या घरात असतात. चौथ्या घराची अपत्ये आठव्या आणि नवव्या घरात, तर नवव्याचा पालक चौथ्या घरात.

वरचे दहा आकडे आले त्या क्रमाने दहा घरांत ठेवले, तर नियम अर्थातच मोडलेला असतो. तो दुरुस्त करण्याची पद्धत रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६४ मध्ये दिली. त्याच वर्षी जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी हीप ही रचना मांडली होती. पद्धत अशी : ज्याला अपत्य आहे अशा शेवटच्या घरापासून सुरुवात करून एकेक घर मागे यायचे. घरातला आकडा अपत्यापेक्षा मोठा असेल तर लहान अपत्याशी त्याची अदलाबदल करायची आणि तो योग्य जागी बसेपर्यंत खाली नेत राहायचे.

उदाहरणात पाचव्या घरापासून सुरुवात होते. तिथे २७ आहे आणि त्याचे एकमेव अपत्य ३०, म्हणून तो जागेवरच राहतो. चौथ्या घरातला ८ आपल्या अपत्याशी, ५ शी, जागा बदलतो. तिसऱ्या घरातला ५० हा १९ शी जागा बदलतो. दुसऱ्या घरातला १२ दोन पायऱ्या खाली जातो आणि मुळातला ३५ तीन पायऱ्या. एकूण सात अदलाबदलींनंतर ॲरे असा होतो : ५, ८, १९, १२, २७, ४१, ५०, ६०, ३५, ३०. ही ओळ चढत्या क्रमाने नाही, तरी हीपचा नियम प्रत्येक घरात पाळला गेला आहे.

या बांधणीची खरी खुबी तिच्या स्वस्तपणात आहे. झाडातले जवळपास निम्मे नोड सर्वांत खाली असतात आणि त्यांना कुठे सरकायचेच नसते. उरलेल्यांपैकी निम्मे जास्तीत जास्त एक पायरी सरकतात, त्यांच्या निम्मे दोन पायऱ्या, आणि पुढेही असेच. लांब घसरणारे नोड इतके थोडे असतात की सगळ्या पायऱ्यांची बेरीज नोडांच्या संख्येपेक्षा कमीच भरते. एका पायरीला फार तर दोन तुलना लागतात. म्हणून दहा लाख आकड्यांचा हीप वीस लाखांहून कमी तुलनांत उभा राहतो.

शोधवृक्षाचा नियम

शोधवृक्षाचा नियम अधिक कडक आहे. कोणत्याही नोडच्या डावीकडच्या संपूर्ण फांदीतले आकडे त्याच्यापेक्षा लहान आणि उजवीकडच्या संपूर्ण फांदीतले मोठे असले पाहिजेत. इथे ‘संपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नियम फक्त थेट अपत्यांपुरता नाही, खालच्या सगळ्या वंशजांना तो लागू होतो.

तेच दहा आकडे आले त्या क्रमाने घातले, तर ३५ मूळ होतो. १२ त्याच्या डावीकडे जातो, ५० उजवीकडे. १२ च्या खाली डावीकडे ८ आणि उजवीकडे २७ बसतात. ५० च्या खाली ४१ आणि ६०. सर्वांत खाली ८ च्या डावीकडे ५, आणि २७ च्या दोन बाजूंना १९ व ३०. चार पातळ्यांत झाड पुरे होते. आता प्रत्येक नोडपाशी आधी डावी फांदी वाचायची, मग तो नोड, मग उजवी फांदी. असे वाचत गेले की आकडे चढत्या क्रमाने बाहेर पडतात : ५, ८, १२, १९, २७, ३०, ३५, ४१, ५०, ६०.

म्हणजे शोधवृक्षात पूर्ण क्रम आधीच दडलेला असतो, हीपमध्ये तो नसतो. हा केवळ मांडणीतला योगायोग नाही, त्यामागे पक्के गणित आहे. फक्त तुलना करून दहा लाख आकडे चढत्या क्रमाने लावायचे तर कोणत्याही पद्धतीला, वाईटात वाईट प्रसंगी, सुमारे एक कोटी पंच्याऐंशी लाख तुलना कराव्याच लागतात, हे सिद्ध झालेले आहे. शोधवृक्षातून क्रम फुकटात वाचता येतो. त्याअर्थी तेवढ्या तुलना झाड बांधतानाच झालेल्या असणार. हीप वीस लाखांत बांधून होतो, म्हणून त्याच्यात पूर्ण क्रम असूच शकत नाही. क्रमाची किंमत चुकत नाही. शोधवृक्ष ती आधी भरतो. हीप ती मागे ठेवतो आणि लहानात लहान आकडे एकेक करून काढताना थोडी थोडी भरत जातो. पुढचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

‘आता सर्वांत आधी कोणते काम?’

या प्रश्नासाठीच हीप जन्माला आला. उत्तर पहिल्या घरातच असते, शोधावे लागत नाही. ते काम उरकून काढून टाकायचे तर शेवटच्या घरातला आकडा मुळाशी आणतात आणि योग्य जागी खाली सरकवतात. उदाहरणात ५ काढल्यावर ३० वर येतो. तो आधी ८ शी, मग १२ शी जागा बदलतो आणि चौथ्या घरात स्थिरावतो, कारण त्याखालचे ६० आणि ३५ दोन्ही त्याच्यापेक्षा मोठे आहेत. दोन पायऱ्यांत काम झाले आणि मुळाशी आता ८ आहे.

नवे काम घालणे याहून स्वस्त पडते. मूळच्या दहा आकड्यांच्या हीपमध्ये १० हा आकडा घालायचा असेल, तर तो अकराव्या घरात ठेवतात आणि पालकाशी तुलना करतात. पालक २७, म्हणून अदलाबदल होते. पुढचा पालक ८, म्हणून तो तिथेच थांबतो. आकडे यादृच्छिक क्रमाने येत असतील तर हीप कितीही मोठा असो, नवा आकडा सरासरी दोन-तीन पायऱ्यांपेक्षा फारसा वर चढत नाही.

शोधवृक्षालाही हा प्रश्न जड नाही. सतत डावीकडे उतरत गेले की सर्वांत लहान आकडा मिळतो. त्याचा पत्ता वेगळा लिहून ठेवला तर उतरण्याचीही गरज नाही. तरीही निव्वळ या कामासाठी हीप सरस ठरतो, आणि त्याचे कारण जागा. आठ बाइटचा एक आकडा धरला तर दहा लाख आकड्यांच्या हीपला ऐंशी लाख बाइट पुरतात. शोधवृक्षाच्या प्रत्येक नोडला आकड्याबरोबर डाव्या आणि उजव्या अपत्याचा पत्ताही ठेवावा लागतो, म्हणजे तिप्पट जागा. शिवाय हे नोड स्मृतीत विखुरलेले असतात. हीपचा ॲरे सलग असतो आणि वरच्या पातळ्यांची घरे शेजारी शेजारी येतात, त्यामुळे प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीत ती टिकून राहतात.

‘अमुक वेळेचे काम यादीत आहे का?’

आता प्रश्न बदलतो. ९:३० चे काम नोंदवले आहे का? शोधवृक्षात ३० हा ३५ पेक्षा लहान म्हणून डावीकडे, १२ पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे, २७ पेक्षा मोठा म्हणून पुन्हा उजवीकडे. चौथ्या नोडवर उत्तर मिळते. प्रत्येक वळणावर उरलेल्या झाडाचा एक मोठा भाग विचारातून बाद होत जातो.

हीपमध्ये असे वळण घेता येत नाही. मुळाशी ५ आहे हे पाहून ३० डावीकडे असेल की उजवीकडे, याचा काहीच सुगावा लागत नाही. बाद करण्याची एकच संधी मिळते : एखाद्या नोडचा आकडा ३० पेक्षा मोठा निघाला तर त्याखाली पाहायला नको. पण या हीपमध्ये ज्यांना अपत्ये आहेत ते पाचही आकडे, ५, ८, १९, १२ आणि २७, तीसपेक्षा लहान आहेत. म्हणून दहाही घरे पाहावी लागतात आणि ३० शेवटच्या घरात सापडतो. सर्वांत उशिराचे काम कोणते, या प्रश्नाचीही हीच गत आहे. ते कुठल्या तरी अपत्यहीन घरात असते एवढेच ठाऊक असते, आणि अशी घरे निम्मी असतात.

‘अमुक ते अमुक या वेळेत कोणती कामे?’

९:२० ते ९:४० या वेळेतली कामे हवी असतील तर शोधवृक्ष नेमक्या फांद्यांत उतरतो. ३५ हा टप्प्यात येतो. १२ टप्प्याच्या खाली आहे, म्हणून त्याची डावी फांदी पाहायचीच नाही. २७ आणि ३० टप्प्यात येतात, १९ येत नाही. उजवीकडे ५० टप्प्याच्या वर आहे, म्हणून त्याची उजवी फांदी सोडून फक्त ४१ पाहिला जातो आणि तोही बाद होतो. सात नोड पाहून २७, ३०, ३५ हे उत्तर क्रमाने मिळते. इथे बचत तीनच नोडांची दिसते. दहा लाखांच्या यादीतून तीन कामे हवी असतील तेव्हा मात्र जवळपास सगळे झाड न पाहताच सुटते. ‘९:३७ नंतरचे पहिले काम कोणते?’ हा प्रश्नही याच जातीचा. ३५ वरून उजवीकडे ५०, तिथून डावीकडे ४१, पुढे काही नाही. उत्तर ४१.

या प्रश्नाचा एक प्रकार मात्र हीपही उत्तम सोडवतो, आणि तो पुष्कळदा नजरेतून निसटतो. ‘९:२० पूर्वीची सगळी कामे द्या, क्रम कोणताही चालेल’ असे विचारले तर खालची मर्यादा उरत नाही. मुळापासून सुरुवात करून २० पेक्षा लहान आकड्यांच्या अपत्यांकडेच उतरायचे. ५, ८, १९, १२ ही चार उत्तरे मिळतात आणि त्यासाठी नऊ घरे पाहिली जातात. हा हिशेब कायम टिकतो. उत्तरे जितकी, त्यांच्या दुपटीपेक्षा जास्तीत जास्त एक घर अधिक पाहावे लागते, मग हीप दहाचा असो की दहा लाखांचा.

‘९:४१ पूर्वी किती कामे आहेत?’ असे मोजणीचे प्रश्नही शोधवृक्षाला शिकवता येतात. प्रत्येक नोडपाशी त्याखाली किती नोड आहेत ती संख्या लिहून ठेवायची. ४१ शोधताना ३५ वरून उजवीकडे वळायचे, तेव्हा डाव्या फांदीतले सहा आणि स्वतः ३५ मिळून सात मोजून टाकायचे. पुढे ५० वरून डावीकडे वळताना काही मिळत नाही. उत्तर सात, आणि फांद्या उलगडून पाहाव्या लागल्या नाहीत. हीपमध्ये अशी संख्या लिहून ठेवली तरी उपयोग होत नाही, कारण एका फांदीत लहान आणि मोठे आकडे मिसळलेले असतात.

कुठे बिघडते

साध्या शोधवृक्षाचा धोका त्याच्या आकारात आहे. वरच्या दहा आकड्यांचा क्रम अनुकूल होता, म्हणून झाड पसरट झाले. तेच आकडे चढत्या क्रमाने आले असते तर प्रत्येक नवा आकडा आधीच्याच्या उजवीकडे लटकला असता. झाडाऐवजी दहा कड्यांची साखळी झाली असती आणि शोध घेणे म्हणजे साखळी चाचपत जाणे झाले असते. कामांच्या वेळा साधारणपणे चढत्या क्रमानेच नोंदवल्या जातात, त्यामुळे वेळापत्रकात हा धोका नेहमीचा आहे. यादी वाढेल तशी प्रत्येक नवी नोंद घालायला अधिक वेळ लागू लागला, तर झाडाची साखळी झाली असे ओळखावे.

यावर उपाय म्हणजे नोंद घालताना आणि काढताना फांद्या फिरवून झाड समतोल ठेवणे. जॉर्जी आदेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांदिस या सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ मध्ये अशी पहिली रचना मांडली. त्यांच्या आडनावांवरून तिला एव्हीएल वृक्ष म्हणतात. दहा लाख नोंदींचा एव्हीएल वृक्ष फार तर २८ पातळ्यांचा होतो. पुढे प्रचारात आलेला लाल-काळा वृक्ष समतोलाबाबत थोडा सैल असतो, पण त्याच्याही पातळ्या ४० च्या वर जात नाहीत. हीपला ही चिंता नसते. घरे डावीकडून भरायची असल्याने त्याचा आकार ठरलेलाच असतो आणि दहा लाख नोंदींना वीस पातळ्या लागतात.

हीपचा वापर दोन प्रकारे फसतो. ॲरे छापून तो चढत्या क्रमाने असेल असे मानणे ही पहिली चूक. पहिला आकडा बरोबर असतो आणि पुढचेही काही योगायोगाने क्रमाने येतात, म्हणून लहान चाचणीत ती लपून राहते. आत ठेवलेल्या नोंदीची वेळ बाहेरून बदलणे ही दुसरी. बदललेला आकडा वर किंवा खाली सरकवला नाही तर नियम मोडतो, पण कोणताही इशारा मिळत नाही. काढलेल्या कामांची वेळ एकदाही मागे गेली, तर हे घडले असण्याची दाट शक्यता असते. तपासणी सोपी आहे : प्रत्येक घर त्याच्या पालकाशी ताडून पाहायचे.

शोधवृक्षाची तपासणी मात्र अशी करून चालत नाही. वरच्या झाडात ३० च्या जागी चुकून ४० बसला असे समजा. त्याचा पालक २७, आणि ४० त्याच्या उजवीकडे आहे, म्हणून पालक-अपत्याची तुलना ठीक दिसते. पण ४० हा मुळातल्या ३५ च्या डाव्या फांदीत आहे आणि तिथे तो कधीच सापडणार नाही. म्हणून संपूर्ण झाड क्रमाने वाचून आकडे चढते आहेत का, हे पाहावे लागते.

रद्द होणारी कामे

प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये दोघांतली निवड बहुतेकदा एका प्रश्नावर ठरते : नोंदवलेली कामे वेळेआधी रद्द होतात का? जाळ्यावरच्या जोडणीसाठी ‘साठ सेकंदांत उत्तर आले नाही तर तोडा’ अशी नोंद केलेली असते, पण उत्तर बहुधा वेळेत येते आणि नोंद काढावी लागते. हीपला मधली नोंद काढणे जड नाही. तिच्या जागी शेवटचा आकडा आणून वर किंवा खाली सरकवला की झाले. जड असते ते नोंद शोधणे.

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर अशा वेळा लाल-काळ्या वृक्षात ठेवतो. लिनक्सच्या गाभ्यातले सूक्ष्म वेळ मोजणारे टायमरही लाल-काळ्या वृक्षातच असतात आणि त्यांतला सर्वांत डावा नोड वेगळा लक्षात ठेवलेला असतो, म्हणजे ‘आता कोणते?’ याचे उत्तर हीपइतकेच चटकन मिळते. नोड डॉट जेएसच्या तळाशी असलेली लिबयूव्ही ही लायब्ररी हीप वापरते. मात्र तिने ॲरेची बचत सोडून प्रत्येक नोंदीत पालक आणि अपत्यांचे पत्ते ठेवले आहेत. त्यामुळे रद्द करायची नोंद शोधावी लागत नाही, ती हातातच असते.

पायथनमधील `asyncio` तिसरा मार्ग घेते. तिथे ॲरेतला साधा हीप आहे. रद्द झालेल्या नोंदीवर फक्त खूण केली जाते आणि ती मुळाशी आली की टाकून दिली जाते. पण दूरच्या वेळेच्या रद्द नोंदी वर यायला उशीर लागतो आणि तोवर त्या जागा अडवून बसतात. म्हणून शंभराहून अधिक नोंदी असतील आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक रद्द झाल्या असतील, तर `asyncio` त्या सगळ्या गाळून उरलेल्यांचा हीप नव्याने बांधते. हे परवडते ते फ्लॉइड यांच्या स्वस्त बांधणीमुळे. शोधवृक्ष नव्याने उभारायचा असता, तर दर वेळी पूर्ण क्रमाची किंमत पुन्हा मोजावी लागली असती.